उजेड कशावर पडतो? जैवदीप्त अरण्य, गुहा आणि प्रॉम्प्टची भाषा

लेखी वर्णनावरून चित्र तयार करणाऱ्या संगणकीय मॉडेलला जो मजकूर दिला जातो त्याला प्रॉम्प्ट म्हणतात, आणि जैवदीप्त अरण्याच्या किंवा उजळलेल्या गुहेच्या चित्रासाठी लिहिले जाणारे बहुतेक प्रॉम्प्ट एकाच ठिकाणी चुकतात: ते प्रकाशाला वस्तूचा गुण मानतात. अळंबी जशी गोल असते, ओली असते, तशीच ती चमकणारीही असते, अशी त्यांची वाक्यरचना असते. मॉडेल ते वाक्य शब्दशः पाळते. चित्रातली अळंबी चमकते, तिच्याभोवती धूसर वलयही उमटते, पण तिच्या बुडाशी पडलेले पान, शेजारून गेलेले मूळ आणि वर झुकलेला नेचा यांना त्या चमकण्याची खबरच नसते; ते कुठल्या तरी वेगळ्याच, न सांगितलेल्या उजेडात न्हालेले असतात. प्रकाश हा देणारा पृष्ठभाग आणि घेणारा पृष्ठभाग यांच्यातला व्यवहार आहे, आणि पाहणाऱ्याचा विश्वास बसतो तो घेणाऱ्या पृष्ठभागाकडे पाहून. म्हणून प्रॉम्प्टमधले शब्द अळंबीच्या तेजावर खर्च करण्यापेक्षा पानाच्या कोणत्या बाजूला किती उजेड पोहोचला हे सांगण्यावर खर्च केले पाहिजेत, असा या लेखाचा मुख्य आग्रह आहे.

जैवदीप्ती म्हणजे सजीवाच्या शरीरात ल्युसिफेरिन या द्रव्याचे ल्युसिफेरेज या विकराच्या साहाय्याने ऑक्सिडीकरण होऊन निर्माण होणारा थंड प्रकाश. तो निसर्गात आहे, पण फार मंद आहे, आणि त्याचे प्रत्येक रूप वेगळे आहे. सह्याद्रीतील भीमाशंकरच्या अभयारण्यात भर पावसाळ्यात कुजलेल्या लाकडावर आणि पाचोळ्यावर वाढणारी बुरशी हिरवट उजेड देते. न्यूझीलंडमधील वायटोमोच्या चुनखडीच्या गुहेत छताला लटकलेल्या अळ्या निळसर हिरवा प्रकाश देतात. ही दोन स्थळे येथे मुद्दाम शेजारी ठेवली आहेत, कारण एकीकडे उजेडाचा उगम जमिनीवर आणि लहान आहे, तर दुसरीकडे तो डोक्यावर आणि विस्तीर्ण आहे. या एका फरकामुळे आसपासच्या पृष्ठभागांचे सगळे गणित बदलते, आणि दोहोंसाठी एकच ‘जादुई’ प्रॉम्प्ट चालवणारा माणूस दोन्हीकडे फसतो.

वलय आणि उजेड यांची गल्लत कोठून येते हे प्रथम पाहिले पाहिजे. अशी मॉडेले कोट्यवधी चित्रे आणि त्यांच्यासोबतचा मजकूर यांच्या जोड्यांवरून शिकलेली असतात. ज्या चित्रांखाली ‘चमकणारे’ या अर्थाचा इंग्रजी शब्द लिहिलेला असतो त्यांतील फार मोठा भाग संगणकावर रंगवलेल्या कल्पनाचित्रांचा असतो, आणि त्या कलेत चमक दाखवण्याची सोपी रीत म्हणजे वस्तूभोवती मऊ कडेचे रंगीत वर्तुळ फिरवणे. असे वलय प्रत्यक्ष छायाचित्रातही येऊ शकते, पण ते भिंगात किंवा हवेतल्या धुक्यात प्रकाश विखुरल्यामुळे येते. मागे झाड आहे, दगड आहे की पोकळी आहे याच्याशी त्याला कर्तव्य नसते आणि ते सगळीकडे सारखेच गोल राहते. उजेड मात्र पृष्ठभागाचा आकार पाळतो. तो मुळाच्या अलीकडच्या कुशीवर पडतो आणि पलीकडची कूस काळी ठेवतो, खडबडीत सालीच्या कंगोऱ्यांवर थांबतो, भेगेत शिरत नाही. मॉडेलला वलयाची उदाहरणे उदंड मिळालेली आहेत आणि अशा मंद उजेडाची फारच थोडी, त्यामुळे नुसत्या ‘चमकणारे’ या शब्दावर ते वलयाकडेच झुकते. ‘जैवदीप्त अरण्य’ हा शब्दप्रयोगही एकटा येत नाही. २००९ साली आलेल्या ‘अवतार’ या चित्रपटाने रूढ केलेली निळ्या-जांभळ्या वनस्पतींची, सगळ्या बाजूंनी उजळलेली दुनिया त्याच्यासोबत येते. चित्रपटाची ती दुनिया आपल्या जागी उत्तम आहे, पण भीमाशंकरच्या पाचोळ्याशी तिचे नाते नाही.

आता उजेडाचे गणित. एक सेंटिमीटर त्रिज्येची, सपाट चकतीसारखी अळंबीची एक दीप्त टोपी घ्यावी आणि तिच्या अगदी समोर एक ओले काळपट पान धरले आहे असे समजावे. पानाची परावर्तकता, म्हणजे पडलेल्या प्रकाशातला जो वाटा ते परत फेकते तो, १० टक्के धरू. पान टोपीपासून एक सेंटिमीटरवर असेल तर त्याची दीप्ती टोपीच्या दीप्तीच्या विसाव्या हिश्शाइतकी भरते. तीन सेंटिमीटरवर ती शंभराव्या हिश्शावर येते आणि दहा सेंटिमीटरवर, म्हणजे जेमतेम वीतभराच्या निम्म्यावर, हजाराव्या हिश्शावर. पडद्यावरच्या चित्रात प्रत्येक बिंदूचा उजळपणा ० ते २५५ या अंकांत साठवला जातो आणि हे अंक प्रत्यक्ष प्रकाशाच्या सरळ प्रमाणात नसतात, अंधाऱ्या भागाला त्यांत जास्त जागा दिलेली असते. त्या हिशेबाने टोपी २५५ वर ठेवली तर एक सेंटिमीटरवरचे पान ६३ च्या आसपास, तीन सेंटिमीटरवरचे २५ च्या आसपास आणि दहा सेंटिमीटरवरचे केवळ ३ वर येईल, म्हणजे पाहणाऱ्याच्या लेखी काळेच.

टोपीवरच्या रेषा आणि पोत नीट दिसावेत आणि त्याच चित्रात भोवतालचे अरण्यही तिच्या उजेडात दिसावे, या दोन मागण्या त्यामुळे एकत्र पुऱ्या होऊ शकत नाहीत. छायाचित्रकार या ठिकाणी एक निवड करतो. तो कॅमेऱ्याच्या संवेदकावर जास्त प्रकाश पडू देतो, समजा सोळापट, आणि मग तेच पान एक सेंटिमीटरवर २३१, तीन सेंटिमीटरवर १११ आणि दहा सेंटिमीटरवर ३४ असे वाचले जाते. भोवताल उमटतो, पण टोपी पूर्ण भाजून निघते आणि तिच्या जागी जवळजवळ पांढरा, तपशील हरवलेला डाग उरतो. सामान्य प्रॉम्प्ट ही निवड करतच नाही. तो टोपीचे नाजूक पट्टेही मागतो आणि उजळलेले अरण्यही मागतो, आणि मॉडेल दोन्ही मागण्या पुरवण्यासाठी कुठून तरी तिसरा दिवा आणते. पाहणाऱ्याला हे गणित ठाऊक नसते, तरीही चित्र ‘चिकटवल्यासारखे’ वाटते ते यामुळेच. ज्याला खात्रीचे चित्र हवे आहे त्याने प्रॉम्प्ट लिहिण्याआधी ठरवले पाहिजे की उगम दाखवायचा की उजेड, आणि उजेड दाखवायचा असेल तर उगमाचा मधला भाग पांढरट, कडा रंगीत, असे स्पष्ट लिहिले पाहिजे.

याच गणितातून आणखी एक उपयुक्त गोष्ट निघते. उजेड दूरवर पोहोचवायचा असेल तर उगम अधिक प्रखर करण्यापेक्षा अधिक रुंद करणे फायद्याचे असते, कारण वरचे प्रमाण अंतर आणि उगमाची त्रिज्या यांच्या गुणोत्तरावर अवलंबून आहे. एका सेंटिमीटरच्या टोपीचा उजेड तीन सेंटिमीटरवर जितका क्षीण होतो तितकाच क्षीण व्हायला ३० सेंटिमीटर त्रिज्येच्या दीप्त पट्ट्याला ९० सेंटिमीटर लागतात. म्हणून ‘अतिशय तेजस्वी अळंबी’ असे लिहिण्यापेक्षा ‘संपूर्ण ओंडक्यावर पसरलेली मंद दीप्ती’ असे लिहिले तर आसपासचा परिसर उजळण्याला कारण मिळते आणि मॉडेलचीही वलयाकडे धाव कमी होते. योगायोगाने निसर्गाचेही तसेच आहे: कुजलेल्या लाकडात बऱ्याचदा छत्री नव्हे, तर कवकजाल, म्हणजे लाकडात पसरलेले बुरशीचे तंतू, प्रकाश देतात आणि काटकीच्या काटकीच उजळलेल्या दिसतात. छत्रीवाली अळंबी ही चित्रकारांची आवड आहे.

रंगाचा प्रश्न वेगळा आणि अधिक फसवा आहे. बुरशीचा प्रकाश साधारण ५२० ते ५३० नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपास, म्हणजे हिरव्या पट्ट्यात, एकवटलेला असतो. पृष्ठभाग स्वतःचा रंग दाखवतो तो त्याच्यावर पडलेल्या प्रकाशात तो रंग असेल तरच. तांबूस खोड, लाल किडा, जांभळे फूल यांच्यावर निव्वळ हिरवा उजेड पडला तर परत फेकायला त्यांच्यापाशी तांबडे काही नसते. ती काळपट हिरवी दिसतात. त्या उजेडात अरण्याला एकच रंग आणि त्याच्या छटा उरतात, आणि एका पृष्ठभागापासून दुसरा वेगळा ओळखू येतो तो केवळ उजळपणामुळे. बहुसंख्य चित्रांत मात्र खोड तपकिरी राहते, शेवाळ पोपटी, फुले गुलाबी, आणि त्या सगळ्यावर निळी झाक फिरवलेली असते. तपकिरी खोड दिसले की समजावे, चित्रात कुठेतरी पांढरा प्रकाश लपलेला आहे. यावर शब्दांचा उपाय असा की पृष्ठभागांचे रंग प्रॉम्प्टमध्ये लिहूच नयेत. खोडाला तपकिरी म्हटले की मॉडेल ते तपकिरी दाखवण्यासाठी लागणारा उजेडही आणते. त्याऐवजी पोत लिहावा: खरखरीत, ओले, गुळगुळीत, शेवाळलेले.

येथे एक रास्त आक्षेप घेतला जातो. अशा अरण्यात प्रत्यक्ष उभ्या असलेल्या माणसाला हे हिरवे दृश्य दिसतच नाही. गडद अंधारात मानवी डोळ्यातील रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी जवळजवळ निष्क्रिय होतात आणि केवळ उजळपणा टिपणाऱ्या दंडपेशी काम करतात. त्यामुळे बुरशीचा मंद उजेड डोळ्यांना फिकट, राखाडी-पांढरा भासतो आणि शेजारचे पान बहुधा दिसतही नाही. गडद हिरवा रंग हा अर्धा मिनिट किंवा त्याहून अधिक काळ उघड्या ठेवलेल्या कॅमेऱ्याचा आहे. मग खात्रीचे चित्र कोणाच्या दृष्टीने खात्रीचे? याचे उत्तर देणे प्रॉम्प्ट लिहिणाऱ्याला टाळता येत नाही. डोळ्याचा अनुभव हवा असेल तर चित्र जवळजवळ रंगहीन, दाणेदार आणि आसपास काळोख असलेले मागावे लागेल. कॅमेऱ्याचे सत्य हवे असेल तर ‘दीर्घ एक्स्पोजरचे रात्रीचे छायाचित्र’ हे शब्द आधी यावेत आणि त्या कालावधीचे परिणामही मान्य करावे लागतील: वाऱ्याने हललेल्या पात्यांच्या कडा पुसट होतील, ओघळाचे पाणी दुधासारखे मऊ दिसेल. दोहोंपैकी कॅमेऱ्याचा मार्ग अधिक फलदायी वाटतो, कारण मॉडेल जे शिकले आहे ते छायाचित्रांवरून; डोळ्याला अंधारात काय दिसते याची चित्रे त्याने क्वचितच पाहिली असतील.

आता भीमाशंकरचा ओंडका घेऊन हे सगळे जुळवून पाहावे. सुरुवातीचा प्रॉम्प्ट प्रचलित वळणाचा:

```
bioluminescent forest, glowing mushrooms,
magical, cinematic lighting
```

या मजकुरात उजेड घेणारा एकही पृष्ठभाग नाही. ‘जादुई’ आणि ‘चित्रपटासारखी प्रकाशयोजना’ हे दोन शब्दसमूह तर थेट तिसरा दिवा मागवतात, कारण चित्रपटातल्या रात्रीत मागून येणारा निळा प्रकाश जवळपास ठरलेला असतो. प्रकाशकिरणांचा मागोवा घेणाऱ्या संगणकीय तंत्रांची किंवा चित्रण-प्रणालींची नावे प्रॉम्प्टमध्ये ओवण्याची पद्धतही अशीच निरुपयोगी आहे. मॉडेल ते तंत्र चालवत नाही, ते फक्त त्या नावाखाली पाहिलेल्या चित्रांची तुळतुळीत चमक आणते. त्याच दृश्याचे पृष्ठभागांच्या बाजूने केलेले लेखन असे होईल:

```
long-exposure night photograph, rotting log on a wet forest floor,
the split wood itself gives off faint green light along its whole length,
fern fronds above the log lit green only on their undersides,
wet leaves beside it catch the light, those an arm's length away fade to black,
trunks behind are lost in black
```

यातील प्रत्येक ओळीमागे कारण आहे. दुसऱ्या ओळीत उगम रुंद केला आहे आणि तो लाकडाचा स्वतःचा आहे असे म्हटले आहे, म्हणजे मॉडेलने ओंडक्यावर छत्र्या लावू नयेत. तिसरी ओळ या प्रॉम्प्टचा कणा आहे. जंगलात सूर्याचा किंवा चंद्राचा प्रकाश वरून येतो, म्हणून पानाची वरची बाजू उजळ आणि खालची काळी ही मॉडेलची घट्ट सवय आहे; उजेड फक्त खालच्या बाजूला आहे असे सांगितल्याने ती सवय मोडते आणि पाहणाऱ्यालाही एका दृष्टिक्षेपात कळते की उगम जमिनीवर आहे. ‘फक्त’ हा शब्द त्या ओळीतून वगळला तर पाने दोन्ही बाजूंनी उजळण्याचा धोका राहतो. चौथ्या ओळीत अंतर ‘हातभर’ अशा मापाने दिले आहे, कारण मॉडेलला सेंटिमीटरचे आकडे समजत नाहीत, पण हातभर, जवळ, मागे असे शरीराशी बांधलेले शब्द त्यातल्या त्यात पोहोचतात. ओली पाने मुद्दाम आहेत: पाण्याच्या थरामुळे पान एरवी अधिक गडद दिसते, पण उगमाच्या दिशेने तिरपे असेल तिथे त्याच्यावर उगमाचे लांबट प्रतिबिंब उमटते, आणि हा ठिपका पृष्ठभाग आणि प्रकाश यांचे नाते सर्वांत लवकर पटवतो.

शेवटच्या ओळीत मागच्या खोडांसाठी छायाकृती हा शब्द सुचण्याचा मोह होतो, आणि तो आवरला पाहिजे. छायाकृती दिसायला तिच्यामागे काहीतरी उजळ लागते. तो शब्द लिहिला की मॉडेल खोडांमागे चांदणे किंवा उजळलेले धुके घालते आणि सगळी मेहनत वाया जाते. त्याचप्रमाणे ‘चांदणे नको’ असे प्रॉम्प्टमध्येच लिहिणेही उलटते, कारण या मॉडेलांचा मजकूर वाचणारा भाग नकार नीट धरत नाही आणि चांदणे या शब्दाला प्रतिसाद देतो. ज्या साधनांत नकारात्मक प्रॉम्प्टची वेगळी चौकट असते तिथे तो मजकूर चित्राला त्याच्यापासून दूर ढकलण्यासाठी वापरला जातो. नको असलेल्या गोष्टी तिथे, नकाराचा शब्द न लावता लिहाव्यात:

```
moonlight, blue haze, mist, fireflies, rim light, lens flare
```

काजव्यांचा उल्लेख येथे निष्कारण नाही. उजेड देणारे अरण्य म्हटले की मॉडेल हवेत तरंगणारे ठिपके पेरते, आणि हे ठिपके कशावरच उजेड पाडत नसल्याने उरलेल्या चित्राचा खोटेपणा वाढवतात. शिवाय सह्याद्रीत काजव्यांचा बहर पावसाच्या तोंडावर असतो आणि बुरशीचा पाऊस मुरल्यावर. प्रॉम्प्टच्या लांबीलाही मर्यादा आहे. स्टेबल डिफ्यूजनच्या पहिल्या पिढीत मजकूर वाचणारा घटक एका वेळी ७७ टोकन, म्हणजे शब्द किंवा शब्दांचे तुकडे, एवढेच घेतो आणि त्यांतील दोन सुरुवात-शेवटाच्या खुणांना जातात. वरचा मजकूर त्यात जेमतेम बसतो. विशेषणांची आरास केली तर पृष्ठभागांचीच वाक्ये बाहेर पडतात.

एवढे करूनही चित्राचे कोपरे पुरेसे काळे होत नाहीत, असा अनुभव जुन्या मॉडेलांबाबत हमखास येतो, आणि दोष प्रॉम्प्टचा नसतो. ही मॉडेले चित्रात टप्प्याटप्प्याने यादृच्छिक कण, म्हणजे नॉइज, मिसळून ते परत काढायला शिकतात. शिकवताना सर्वांत शेवटच्या टप्प्यावरही मूळ चित्र पूर्ण पुसले जात नव्हते; त्याचा एकूण सरासरी उजळपणा थोडासा शिल्लक राहत होता आणि मॉडेल त्याच्या आधाराने चालायला शिकत होते. प्रत्यक्ष चित्र बनवताना मात्र सुरुवात शुद्ध नॉइजपासून होते, ज्याची सरासरी मधोमध असते, आणि मॉडेल समजते की हे चित्र मध्यम उजळपणाचे आहे. म्हणून काळोख्या गुहेचे चित्र मागितले तरी एकूण सरासरी मध्यम राखण्यासाठी ते भिंती उजळवते. २०२३ च्या सुरुवातीला निकोलस गुटनबर्ग यांनी शिकवताना नॉइजमध्ये सरासरी सरकवणारा छोटा फेरफार करण्याचा उपाय मांडला, आणि त्याच वर्षी शानचुआन लिन आणि सहकाऱ्यांनी नॉइजचे वेळापत्रकच सदोष असल्याचे दाखवून ते दुरुस्त करण्याची रीत दिली. नंतरच्या मॉडेलांत हा दोष कमी-अधिक प्रमाणात निवळला आहे. पण ज्याच्या हाती जुने मॉडेल आहे त्याने ‘आणखी अंधार’ असे शब्द वाढवत बसण्यात अर्थ नाही.

त्याच्यासाठी खरा मार्ग चित्रापासून चित्र बनवण्याचा आहे. साध्या रंगकामाच्या साधनात पूर्ण काळा कागद घ्यावा, ओंडक्याच्या जागी फिकट हिरवा आडवा पट्टा ओढावा, त्याच्या वर आणि शेजारी झपाट्याने मावळत जाणारी गडद हिरवी छटा द्यावी, आणि हे भरड चित्र वरच्या प्रॉम्प्टसोबत मॉडेलला द्यावे. मॉडेलने मूळ चित्र किती बदलावे हे ठरवणारा आकडा ० ते १ यांमध्ये असतो, तो ०.६ ते ०.७ च्या आसपास ठेवला तर उजेडाची मांडणी टिकते आणि पाने, साल, नेचे हे तपशील मॉडेल भरते. तो ०.४ वर आणला तर रंगाचे फराटे तसेच राहतात आणि ०.९ वर नेला तर काळोख पुन्हा हातचा जातो. प्रॉम्प्टचे सामर्थ्य मानणाऱ्यांना ही पळवाट वाटेल, पण ती तशी नाही. उजेडाची मांडणी ही मुळात जागेची गोष्ट आहे आणि जागेबद्दल बोलताना शब्द तोकडे पडतात. जिथे बोट ठेवून दाखवता येते तिथे दाखवावे.

हाती आलेले चित्र पारखण्याच्या दोन कसोट्या सर्वांत उपयोगी ठरतात. पहिली डोळ्यांची आहे: चित्रातले सगळे उगम, म्हणजे ओंडका आणि जे काही स्वतः उजळ आहे ते, हाताने किंवा काळ्या चौकटीने झाकावे आणि उरलेल्या चित्रावरून उगम कुठे होता हे ओळखता येते का ते पाहावे. नेच्याच्या खालच्या बाजू, मुळांच्या आतल्या कुशी आणि काटक्यांच्या बाहेर फेकलेल्या सावल्या एकाच जागेकडे बोट दाखवत असतील तर उजेड खरा आहे. झाकल्यावरही चित्र तितकेच उजळ वाटत असेल तर उगम केवळ शोभेचा होता. दुसरी कसोटी संगणकाची आहे. प्रत्येक चित्र तांबडा, हिरवा आणि निळा अशा तीन स्तरांत साठवलेले असते आणि कोणत्याही चित्रसंपादन साधनात ते वेगवेगळे पाहता येतात. केवळ हिरव्या उजेडातल्या दृश्याचा तांबडा स्तर उगमाचा भाजलेला मध्यभाग सोडला तर काळा असायला हवा. त्या स्तरात खोडे, फांद्या, आकाश अशी सगळी नकाशासारखी उमटलेली दिसली, तर न सांगितलेला पांढरा दिवा नेमका कुठून येतो आहे हेही त्यातच कळते. मग उपाय सोपा होतो: बऱ्याचदा तांबड्या स्तरात वरच्या कडेला उजळ पट्टा असतो, म्हणजे मॉडेलने झाडांमध्ये आकाश ठेवले आहे, आणि चौकट जमिनीच्या जवळ आणून आकाशच बाहेर काढले की तो दिवा विझतो.

गुहेत यांतली पहिली कसोटी चालत नाही, कारण तिथे उजेड एकाच जागेतून येत नाही. वायटोमोच्या छताला ‘अराक्नोकॅम्पा ल्युमिनोसा’ या न्यूझीलंडमध्येच आढळणाऱ्या माशीवर्गीय कीटकाच्या अळ्या असतात; त्या भक्ष्य पकडण्यासाठी चिकट थेंबांचे रेशमी धागे खाली सोडतात आणि शरीराच्या मागच्या टोकातून साधारण ४९० नॅनोमीटरच्या आसपासचा निळसर हिरवा प्रकाश देतात. एकटी अळी हा बिंदू आहे आणि तिचा उजेड तिच्याभोवतीच्या दोन-चार सेंटिमीटर खडकापुरता. पण हजारो अळ्यांनी भरलेले छत हा एकच विस्तीर्ण पृष्ठभाग होतो, आणि विस्तीर्ण पृष्ठभागाचा उजेड अंतराबरोबर फारसा घटत नाही: खाली जाताना प्रत्येक अळी दूर जाते, पण दृष्टिक्षेत्रात तितक्याच अधिक अळ्या येतात. म्हणून छताखालच्या पाण्यावर आणि काठाच्या दगडांवर उजेड जवळपास सारखाच असतो, फार मंद असतो, आणि त्यात धारदार सावली पडत नाही. ओंडक्याच्या चित्रात जो झपाट्याने मावळणारा उजेड आवश्यक होता तो इथे चुकीचा ठरतो.

नेमके याच ठिकाणी मॉडेल सर्वांत ठळक चूक करते: ते लवणस्तंभांची, म्हणजे छतातून लोंबणाऱ्या चुनखडीच्या सुळक्यांची, टोके उजळवते. उजेड छतातून खाली येत असेल तर सुळक्याच्या कुशी वरच्या भागात उजळ असतील आणि खाली पाहणारे टोक अंधारात असेल, कारण त्याच्यासमोर काळ्या पाण्याशिवाय काही नाही. रेशमी धाग्यांचेही तसेच: प्रत्येक धागा वरच्या टोकाला, अळीच्या लगत, सर्वांत उजळ आणि खाली उतरत मावळत गेलेला असतो, आणि एका बिंदूचा उजेड अंतराबरोबर कसा घटतो याचा त्याहून स्पष्ट आलेख चित्रात दुसरा सापडत नाही. त्यामुळे गुहेच्या प्रॉम्प्टमध्ये शब्दांचा खर्च खडक, धागे आणि सुळके या तीन पृष्ठभागांवर व्हावा:

```
limestone cave roof covered with thousands of tiny blue-green points,
rock around each point faintly lit,
hanging silk threads brightest at the top and fading downward,
stalactite sides lit from above, their tips dark,
still black water mirrors the points
```

पाण्याला येथे ‘काळे’ आणि ‘स्थिर’ म्हटले आहे ते त्याने उजेड गिळावा आणि बिंदू परत दाखवावेत म्हणून. गुहेच्या चित्रात मॉडेल पाणीच आतून निळे उजळवण्याकडे ओढ घेते, आणि तसे झाले की उजेड खालूनही येऊ लागतो, सुळक्यांची टोके पुन्हा चमकतात, धाग्यांची खालची टोकेही. चित्र तपासताना म्हणून आधी पाण्याकडे पाहावे: त्यातल्या प्रत्येक ठिपक्याला त्याच्या सरळ वर छतात जोडीदार आहे का, आणि ठिपक्यांमधले पाणी काळेच राहिले आहे का.